ह्युएन-त्संगच्या पाच लाखांचा हिशेब

“ह्युएन-त्संगने इ.स. ६४४च्या सुमारास प्रयागचा कुंभमेळा प्रत्यक्ष पाहिला आणि पाच लाख भाविक आल्याचं स्वतः लिहून ठेवलं.” असं नेहमी सांगितलं जातं.

आधी ‘स्वतः’चं बघू. या चिनी बौद्ध भिक्षूच्या नावावरचं प्रवासवर्णन ६४६ मध्ये सम्राट ताइझोंगसाठी तयार झालं. त्यात प्रयागचं दानक्षेत्र आहे, पण पाच लाखांचा आकडा नाही. तो येतो चरित्रात. ते त्याचा शिष्य हुइली याने लिहायला घेतलं आणि ह्युएन-त्संगच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी, ६८८ मध्ये, यानत्सोंगने पूर्ण केलं. म्हणजे हे गुरुचरित्र आहे. संतचरित्रातले आकडे आपण जसे जपून वाचतो, तसेच हेही वाचायचे. दोन्ही ग्रंथ समोरासमोर ठेवले की फरक दिसतो: प्रवासवर्णनात राजा हर्षवर्धन पाच वर्षांची साठवण एका झटक्यात दान करतो, तर चरित्रात हेच दान पंचाहत्तर दिवस चालतं.

आता आकडा. चिनी मोजणीत ‘वान’ म्हणजे दहा हजार, आणि मजकुरात ‘पन्नास वानहून जास्त’ असं आहे. ही शिरगणती नव्हे, गोल अंदाज आहे. त्याच चरित्रात लोकांना बसण्यासाठी शंभरावर लांब मांडव उभारल्याचं येतं, प्रत्येकात हजारभर माणसं बसतील असे. गुणाकार करा: एक लाखाच्या थोडं वर. माणसं येत-जात असतील हे खरं, पण मग पाच लाख हा मांडव पाहून केलेला हिशेब राहत नाही. हे मांडव ‘आपल्या राजधानीतल्या बाजाराच्या ओळींसारखे’ असंही तिथे म्हटलंय. वाचक चिनी होता हे इथेच कळतं.

आणि कुंभमेळा? ही सभा दर पाच वर्षांनी हर्ष भरवत असे आणि ही सहावी होती. बारा वर्षांचं चक्र कुठेच येत नाही. श्रमण, निर्ग्रंथ म्हणजे जैन साधू, गरीब, अनाथ अशा सगळ्यांना राजाने दान घेण्यासाठी बोलावलं होतं. गर्दीचं कारण चरित्र स्वतःच देतं, आणि ते स्नान नाही.

यात्रेचा खरा पुरावा प्रवासवर्णनातल्या पुढच्या ओळींत आहे, आणि तो फारसा कुणी उद्धृत करत नाही. दानक्षेत्राच्या पूर्वेला संगमावर लांबून लोक येतात, पाप धुतलं जावं म्हणून स्नान करतात, सात दिवस उपास करतात आणि रोज शेकडोजण स्वतःला बुडवून घेतात. ‘शेकडो’वर विश्वास टाकू नका. परधर्मीयांची प्रथा सांगणारा बौद्ध भिक्षू आहे, तो भडक रंग भरणारच. प्रथा मात्र खरी धरता येते, कारण वेगळ्या प्रकारचा पुरावा तेच सांगतो: चंदेल राजा धंग याने गंगा-यमुनेच्या संगमात देह ठेवल्याचं खजुराहोच्या शिलालेखात कोरलेलं आहे.