पोहोच मिळाली, नग एक

फिल्म अकरा मिनिटांची होती. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेला ५० वर्षं झाली म्हणून केलेली. वार्षिक सभेत ती दाखवली गेली, संस्थापकांचा फोटो आल्यावर मागच्या रांगेतल्या एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला आणि जेवणाच्या पंक्तीत मला आग्रहाने तिसरी जिलेबी वाढली गेली. आमच्या धंद्यात याला काम संपलं म्हणतात. राहिले होते फक्त शेवटचे २५ टक्के पैसे.

आठवड्याने सचिवसाहेबांना फोन केला.

"चेक तयार आहे सर. तेवढं साहित्य जमा करा म्हणजे सही घेतो."

"कसलं साहित्य? फिल्म दिली की."

"कलम ९ बघा. मास्टर, मूळ प्रोजेक्ट फायली, फॉन्ट आणि श्रेयनामावली."

कलम ९ मीच घातलं होतं. कोटेशन भारदस्त दिसावं म्हणून एका मोठ्या एजन्सीच्या करारातून उचललेलं. ते कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. पण सहकारी संस्थेच्या सचिवाने तीस वर्षं पोटनियम वाचण्यातच काढलेली असतात.

म्हटलं, दुपारचं काम आहे. लागले नऊ दिवस.

मास्टर म्हणजे फिल्मची सर्वांत चांगल्या दर्जाची मूळ प्रत. तिथून सुरुवात केली, कारण तेच सोपं होतं. सभेत दाखवली ती एच.२६४, म्हणजे दाबून लहान केलेली फाईल होती, जेमतेम ८०० एमबीची. ती बघायला ठीक, पण पुढे कुणी तिच्यात काही बदल करून पुन्हा एक्स्पोर्ट केलं की चित्र पातळ होत जातं, ताकात पाणी घालत गेल्यासारखं. म्हणून मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यू या खूप कमी दाबलेल्या प्रकारात काढायचं. १०८० मध्ये, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने त्याला सेकंदाला १८४ मेगाबिट लागतात, म्हणजे अकरा मिनिटांचे साधारण १५ जीबी. शिवाय दुसरं मास्टर बिनअक्षरांचं, एकही नाव किंवा पट्टी नसलेलं. आणि आवाजाचे तीन वेगळे ट्रॅक: निवेदन आणि मुलाखती, संगीत, बाकीचे आवाज. उद्या हिंदी निवेदन करायचं ठरलं तर सनईतून मराठी उपटून काढता येत नाही.

सचिवसाहेबांनी मोठ्या मनाने ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पाठवला होता, वर संस्थेचं बोधचिन्ह. त्यावर १५ जीबीची फाईल टाकायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणे, फाईल फार मोठी आहे. अहो, ३२ मध्ये १५ मावत नाही? पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामा असो. एसटी रिकामी, पण कपाट दारातून आत जात नाही, तशातला प्रकार. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला असता तर जमलं असतं, पण पुढे कळलं की सगळं मिळून २१० जीबी होतंय. मग सरळ नवी हार्ड डिस्क घेतली. माझ्या पैशाने, कलम ९ मध्ये तेही लिहिलेलं होतं.

आता प्रोजेक्ट. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. माझ्या प्रोजेक्टचं बिऱ्हाड चार ड्राइव्ह, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स एवढ्या ठिकाणी पसरलं होतं. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाईल ही नुसती पत्त्यांची वही असते. अमुक क्लिप तमुक ठिकाणी आहे, तिथून इतक्या सेकंदांपासून इतक्यापर्यंत घे, एवढंच तिला ठाऊक. फुटेज तिच्या पोटात नसतं. त्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजर नावाची सोय आहे. सगळ्या फायली गोळा करून नव्या जागी ठेव म्हणायचं, न वापरलेल्या क्लिप वगळ म्हणायचं आणि चहाला जायचं. मी गेलो. परत आलो तर काम झालेलं. उघडून पाहिलं, सगळं चालतंय. उगाच घाबरलो होतो म्हणत डिस्क खोक्यात भरली.

वाचवलं ते बहिणीने. तिच्याकडे जेवायला गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या गॅदरिंगचे व्हिडिओ एडिट करतो. सहज म्हणून डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावली.

"मामा, तुझं प्रोजेक्ट उघडतच नाही. तुझं व्हर्जन नवीन आहे."

बरोबर. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुनीत उघडत नाही. त्याने अपडेट टाकलं, तोवर माझ्या दोन पोळ्या झाल्या.

"मामा, आता लाल झालंय."

लाल म्हणजे 'Media Offline'. आमच्या धंद्यातला सुतकाचा रंग लाल आहे. त्या पाटीवर एकच निरोप कितीतरी भाषांत लिहिलेला असतो. मराठीत नसतो, पण कळतो. सुरुवातीचं फिरतं बोधचिन्ह गायब. ते आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये करून प्रीमिअरला थेट जोडलं होतं आणि अशा जोडलेल्या गोष्टी प्रोजेक्ट मॅनेजर उचलत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर ते दिसत होतं, कारण मूळ फाईल शेजारच्या ड्राइव्हवरच बसलेली होती. स्वतःच्या मशीनवर पॅकेज तपासणं म्हणजे स्वतःच्या घराला कुलूप लावून मागच्या दाराने आत येणं. आफ्टर इफेक्ट्समध्ये वेगळं 'Collect Files' करावं लागलं, आणि बोधचिन्हाची पक्की रेंडर केलेली क्लिपही सोबत ठेवली.

पण खरा तमाशा पुढे होता.

"मामा, हे पाच मिनिटांवर काय लिहिलंय? शिव्या आहेत का?"

पडद्यावर संस्थेच्या ब्रीदवाक्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं आणि मध्येच एक पौंडाचं चिन्ह होतं. ते वाक्य संस्थेच्या नेहमीच्या डीटीपीवाल्याकडून आलं होतं, प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या एका जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये आतून सगळी इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचे कपडे चढवलेले. फॉन्ट नसला की कपडे उतरतात. भाच्याकडे तो फॉन्ट नव्हता, आणि प्रोजेक्ट मॅनेजर फॉन्टही उचलत नाही.

मग द्यायचा की फॉन्ट, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण विकतच्या फॉन्टचा परवाना बहुतेक वेळा घेणाऱ्यापुरता असतो, फाईल दुसऱ्याच्या हातात ठेवायची मुभा त्यात नसते. सबस्क्रिप्शनवरच्या फॉन्टची तर हाताला लागेल अशी फाईलच मिळत नाही. तेव्हा दोन वाटा केल्या. सुरुवातीचं नाव विकतच्या सुंदर फॉन्टमध्ये होतं, त्याची अक्षरं आकारांत बदलून टाकली. आता ती दिसतील तशीच, पण एक वेलांटीही बदलता येणार नाही. संस्थेचं नाव काही बदलायचं नाही, म्हणून चाललं. बाकी सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला आणि त्याला 'मुक्त' हा फॉन्ट लावला. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, म्हणजे फाईल सोबत देता येते, फक्त परवान्याचा कागदही बरोबर ठेवायचा.

भाच्याला म्हटलं, आता यात एक नवीन नाव टाइप करून बघ. त्याने टाइप केलं आणि 'पाटील'ची दीर्घ वेलांटी जागेवर राहिली, पण 'शिंदे'ची ऱ्हस्व वेलांटी श सोडून पलीकडे जाऊन उभी राहिली, रुसलेल्या पाहुण्यासारखी. प्रीमिअरच्या सेटिंगमध्ये अक्षरं जुळवणारं टेक्स्ट इंजिन 'South Asian and Middle Eastern' करावं लागतं. मी ते केव्हातरी केलं आणि विसरलो होतो. डिस्कसोबत द्यायच्या सूचनांच्या फाईलमध्ये, म्हणजे रीडमीमध्ये, ही ओळ मोठ्या अक्षरात गेली.

आता श्रेयनामावली. मला वाटलं होतं ती फिल्मच्या शेवटी आहेच, तिथून उतरवून काढायची. उतरवताना पहिल्याच ओळीत थबकलो. 'पदाधिकार्‍यांचे' असं होतं. आता बघा, माझ्या तेव्हाच्या फॉन्टने त्यातला र असा काही बसवला होता की वर रफार चढून ते 'पदाधिकार्यांचे' झालं होतं. पदाधिकारी कार्यात बुडालेले. चारशे सभासदांसमोर हे गेलं आणि कुणी बोललं नाही, किंवा बोललं असेल आणि मी जिलेबीत होतो.

नावं तपासायला यादी सचिवांना पाठवली. आडनाव साळुंके की साळुंखे, यावर दोन फोन. एक संचालक सभेनंतर वारले होते, त्यांच्या नावामागे 'कै.' लावायचं. दोघांचा क्रम बदलायचा, कारण विचारू नका. कलम ९ चा खरा अर्थ तेव्हा मला कळला. त्यांना प्रोजेक्ट हवं होतं ते यासाठीच. दर निवडणुकीला नावं बदलणार आणि दर वेळी मला विचारत बसायची त्यांची तयारी नव्हती. बिनअक्षरांचं मास्टर आणि सोबत देता येणारा फॉन्ट एवढ्यावर त्यांचं पुढचं सगळं भागणार होतं.

यादीत संगीताच्या परवान्याची पीडीएफ जोडली आणि खाली लिहिलं की हा ट्रॅक फक्त याच फिल्मपुरता आहे, दिवाळीच्या जाहिरातीला लावू नका. मग फोटो तपासले. संस्थापकांचा १९७४ च्या उद्घाटनाचा फोटो, ज्यावर डोळ्यांना पदर लागले होते, त्या फाईलचं नाव होतं IMG-20240211-WA0019.jpg. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. कुणाकडून? जुना चॅट उपसत गेलो आणि सापडलं. निवृत्त गुरुजी होते. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं: "छायाचित्र माझ्या वडिलांनी काढलेले आहे. नाव टाकता आले तर बघा." त्याखाली मी उठवलेला अंगठा.

नाव कुठेच नव्हतं. ना फिल्ममध्ये, ना यादीत.

गुरुजींना फोन केला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "असू द्या हो, आता झालीय फिल्म," म्हणाले. मी मूळ फोटो स्कॅन करून मागवला, 'छायाचित्र सौजन्य' ही ओळ त्यांच्या वडिलांच्या नावाने टाकली, 'पदाधिकाऱ्यांचे' नीट केलं, दोन्ही मास्टर पुन्हा काढली, कॉपी बिनचूक झाली का ते पडताळायला प्रत्येक फाईलचा चेकसम घेतला आणि डिस्क पुन्हा भाच्याकडे नेली. या वेळी माझे सगळे ड्राइव्ह घरी ठेवून. लाल कुठेच दिसलं नाही.

दहाव्या दिवशी संस्थेत गेलो. सचिवसाहेबांना रीडमी दाखवायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि डेड स्टॉक रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक, तारीख, वस्तूचे वर्णन, नग, किंमत. वर्णनात लिहिलं: 'हार्ड डिस्क, काळी.' नग: १. आत काय आहे, त्याला रकाना नव्हता.

"पोहोच घ्या सर. चेक कॅशिअरकडे."

चेक घेऊन वळलो तर शिपाईमामा डिस्क टेबलावर ठेवून पांढऱ्या ऑइलपेंटने तिच्यावर रजिस्टरचा नंबर घालत होते. पंखा, खुर्ची, कपाट, सगळ्यांवर घालतात तसाच, ठसठशीत. नंबर लांब होता, डिस्क लहान. शेवटचा आकडा वळून केबल लावायच्या खाचेकडे निघाला होता.

"मामा, थांबा!" मी चेक तोंडात धरून धावलो.