न पडता मोडलेलं हाड

गुडघ्याच्या खालपर्यंत करडा बूट चढवून, पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या बाईला भेटायला आलेला माणूस आधी चहा घेतो आणि मग घटनास्थळाच्या चौकशीला लागतो. कुठे पडलात? बाथरूममध्ये? जिन्यात? कुणी स्कूटरवाल्यानं उडवलं का? मी खरं तेच सांगायचे, "कुठेच पडले नाही. चालत होते, तेवढ्यानंच मोडलं." यावर समोरच्याचा चेहरा असा काही उतरायचा, की मलाच अपराध्यासारखं व्हायचं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर माझं उत्तर ऐकून आमच्या ह्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. शेवटी सासूबाईंनी परस्पर फोनवर "ओल्या फरशीवरून घसरली" असं जाहीर करून टाकलं. घराण्याच्या अब्रूला ते बरं दिसतं.

तर झालं असं. माझी नणंद मीनाताई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा टप्पा चालते. तीसेक किलोमीटर, मध्ये दिवेघाट. यंदा तिनं माझंही नाव घातलं आणि एप्रिलच्या शेवटी सराव सुरू झाला. त्याआधी माझं चालणं म्हणजे सोसायटीच्या आवारात गप्पा मारत फेऱ्या. मीनाताईच्या वेळापत्रकात रोज पाच किलोमीटर, मग सात आणि रविवारी थेट दहा-बारा, तेही सिमेंटच्या रस्त्यावरून. सुरुवातीला पोटऱ्या भरून यायच्या, धाप लागायची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोन्ही गेलं. जिना चढताना दम लागेना, रात्री झोप छान, सलवारीची नाडी दोन बोटं आत. मी स्वतःवर इतकी खूश होते, की वेग वाढवूया असं मीच मीनाताईला सुचवलं.

आणि नेमकं तेव्हाच उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, काहीतरी कुरकुरायला लागलं. आधी फक्त चालण्याच्या शेवटी, घरी येऊन पाय वर घेतले की गायब. पुढच्या आठवड्यात ते दुखणं निम्म्या वाटेवरच भेटायला लागलं. मग चपलेचा पट्टा टोचू लागला, कारण पाऊल वरून किंचित सुजलं होतं. त्यानंतर सकाळी पलंगावरून उतरल्याबरोबर कळ यायला लागली आणि एका रात्री नुसतं पांघरूण लागलं तरी पाय ठणकला.

घरात तोवर निदानं झाली होती. ह्यांच्या मते युरिक ॲसिड, मुलाच्या मते बूट, मीनाताईच्या मते नवशिक्यांचं नेहमीचंच, चाललं की मोकळं होतं. सासूबाईंच्या मते शीर दबली होती. शीर मोकळी करायला त्यांनी कोमट तिळाचं तेल घेऊन अंगठ्यानं जो दाब दिला, त्यानं मी ओरडले ती शेजारच्या विंगेत ऐकू गेली. त्यांना ते शीर सापडल्याचं लक्षण वाटलं.

खरं तर त्या ओरडण्यातच निदान होतं. हाडांच्या डॉक्टरांनी काहीही न विचारता आधी दोन्ही पावलं शेजारी ठेवून पाहिली, मग एक बोट घेऊन पावलाच्या वरून एकेक हाड चाचपत गेले. पहिलं काही नाही. दुसऱ्याच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर, मी पुन्हा सासूबाईंना अभिमान वाटेल अशी ओरडले. डॉक्टर म्हणाले, "स्नायू दुखतो तेव्हा माणूस हात फिरवून सगळा भाग दाखवतो. चालून अंग तापलं की ते दुखणं बहुधा कमीही होतं. तुम्ही एक ठिपका दाखवताय आणि चाललं की वाढतं म्हणताय. मला स्ट्रेस फ्रॅक्चरचा संशय आहे, म्हणजे रोजच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर."

मग एक्स-रे काढला. तो अगदी स्वच्छ आला. ह्यांनी फिल्म खिडकीकडे धरून, एका डोळ्यानं पाहून, "काही नाहीये गं" असा निकाल दिला आणि गाडीची किल्ली काढली. डॉक्टरांनी त्यांना बसवलं. ही चीर इतकी बारीक असते, की पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. पुढे दिसतं ते सुद्धा मोडलेलं हाड कमी आणि त्याभोवती शरीरानं रचलेलं नवं हाडच जास्त. म्हणून एक्स-रे कोरा आला म्हणजे सुटलो असं नाही. दुखणाऱ्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा आणि खात्रीच हवी असेल तर एमआरआय. त्यात हाडाला आलेली सूज चीर पडण्याआधीपासून कळते. माझ्या एमआरआयमध्ये सूजही होती आणि चीरही. दुसरं मेटाटार्सल, म्हणजे दुसऱ्या बोटाच्या मागचं लांब हाड. अंगठ्यामागचं हाड जाडजूड असतं. हे दुसरं बारीक, लांब आणि मागच्या टोकाला शेजाऱ्यांमध्ये घट्ट अडकलेलं, त्यामुळे टाच उचलली की वाकण्याचा बराचसा ताण त्याच्यावर.

"पण मला तर तेव्हाच सगळ्यात बरं वाटत होतं," मी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच मोडतं." मग त्यांनी समजावलं ते मला लगेच पटलं, कारण आमच्या गल्लीत तेच चालू होतं. हाडावर नेहमीपेक्षा जास्त भार पडायला लागला, की शरीर ते मजबूत करायला घेतं. त्यासाठी आधी खोदणारी टोळी येते. जुनं, थकलेलं हाड पोखरून काढते आणि तिचं काम तीनेक आठवड्यांत उरकतं. भरणारी टोळी मागाहून येते आणि तिला तीन महिने लागतात. म्हणजे सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रस्ता सगळ्यात जास्त खणलेला असतो. फुप्फुसं आणि पोटऱ्या तोवर तयार झालेल्या असतात, त्यांना वाटतं आता ट्रक सोडा. थोडी विश्रांती मिळाली तर भरणारे गाठतात. रोज वाहतूक वाढवत नेली तर खड्ड्याची चीर होते. आमच्या गल्लीत भरणारी टोळी अजून आलेली नाही, पण माझं शरीर त्या मानानं कार्यक्षम निघालं.

डॉक्टरांनी मग माझी पाळी कधी थांबली, दूध-दही किती, उन्हात जाता का, हे सगळं विचारलं आणि रक्त तपासायला दिलं. ड जीवनसत्त्व एवढं कमी निघालं, की रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी खाली जाणारा बाण होता. उन्हाळ्यात रोज पहाटे चालूनही! पण पहाटे ऊन कुठे असतं. पाळी गेल्यावर हाडं विरळ व्हायला लागतात, त्यात हे. तरुण मुलींमध्ये पळताना खाणं तोडल्यामुळे पाळी अनियमित झाली असेल तर तोच धोका असतो, असं म्हणून त्यांनी बाहेर बसलेल्या माझ्या भाचीकडे पाहिलं. ती मोबाइल पाहत होती.

हा काही नवा आजार नाही. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं लांब संचलनानंतर सैनिकांची पावलं सुजून दुखतात याची नोंद केली होती. तेव्हा एक्स-रे निघायला चाळीस वर्षं होती, त्यामुळे आत हाड मोडलंय हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्या सैनिकांना निदान सेनापतीचा हुकूम होता. मला मीनाताईचा.

उपचार ऐकून सगळ्यांची पुन्हा निराशा झाली. ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही. तो बूट, गरजेपुरतं चालणं आणि सहा ते आठ आठवडे. डॉक्टर म्हणाले, नशीब काढलंत. हीच चीर पावलाच्या कमानीच्या माथ्यावरच्या नेव्हिक्युलर हाडात किंवा करंगळीमागच्या हाडाच्या बुंध्याशी असती, तर कुबड्या घेऊन पाय अजिबात टेकायचा नाही, महिनोनमहिने थांबायचं आणि कदाचित स्क्रू. तिथला रक्तपुरवठा कमी, म्हणून चीर भरायला आळस करते. तेव्हा पावलाच्या माथ्यावर किंवा बाहेरच्या कडेला ठिपका दुखला तर घरगुती प्रयोग करत बसायचं नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरे. सुजेच्या जोरदार गोळ्या त्यांनी दिल्या नाहीत, कारण दुखणं झाकलं गेलं की माणूस चालतो.

बूट हे एक वेगळंच प्रकरण. त्याचा तळ इतका जाड, की उजवा पाय डाव्यापेक्षा उंच होतो आणि आठवड्यात कंबर बोलायला लागते. मग डाव्या पायात सगळ्यात जाड तळाचा बूट शोधायचा. घरात तसा एकच होता, मुलाचा, केशरी. उजवीकडे करडा, डावीकडे केशरी, वर गाऊन, अशी मी दूध घ्यायला दार उघडत असे.

सगळ्यात कठीण काळ मात्र दुखणं गेल्यावर आला. तिसऱ्या आठवड्यात पाय पूर्ण गप्प झाला. मीनाताई फोनवर म्हणाली, "मग झालं की!" पण त्या वेळी चिरेभोवती जमलेलं हाड अजून कोवळं असतं. पुन्हा चीर पडते ती तेव्हाच. डॉक्टरांची कसोटी वेगळी होती. त्या ठिपक्यावर बोटानं जोरात दाबलं तरी दुखता कामा नये आणि बुटाशिवाय घरात नेहमीसारखं चालता आलं पाहिजे. सासूबाई रोज सकाळी दाबून बघायच्या. इतक्या आवडीनं केलेलं दुसरं कुठलंही घरकाम मी पाहिलेलं नाही.

पालखी निघाली त्या दिवशी मी हडपसरला भावाच्या दारात खुर्ची टाकून राजगिऱ्याचे लाडू वाटत बसले होते. परभणीकडच्या एक सत्तरीच्या आजी टेकायला थांबल्या. पायात झिजलेली स्लीपर, डोक्यावर तुळस. आळंदीहून आल्या होत्या, पंढरपूरपर्यंत जाणार, म्हणजे अडीचशे किलोमीटर. माझा बूट पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं माय?" मी म्हटलं, "वारीचा सराव करत होते." आजींना ते कळलंच नाही. "सराव कायचा? रोज शेतात जावंच लागतंय की." त्यांच्या हाडांचं खोदकाम-भरकाम गेली साठ वर्षं रोज थोडं थोडं चाललेलं. त्यांनी लाडू कनवटीला लावला आणि दिवेघाटाकडे निघाल्या.

आता बूट उतरलाय. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. एक दिवसाआड पंधरा मिनिटं, सपाट मातीवर. दुखलं नाही तर पुढच्या आठवड्यात पाच मिनिटं जास्त. अंतर वाढवलं तर वेग नाही, वेग वाढवला तर अंतर नाही आणि दर तीन आठवड्यांनी एक आठवडा कमी चालायचं. तो ठिपका पुन्हा बोलला तर एक पायरी मागे. मीनाताईनं कागद दोनदा वाचला. तिच्या डोक्यात कार्तिकीचा बेत होता.

"पंधरा मिनिटं म्हणजे जाऊन येऊन?"

"जाऊन येऊन."

तिनं हिशेब केला. "एवढ्यात कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत होईल. येताना माझ्यासाठी अर्धा किलो भेंडी आण. कोवळी बघून घे."