मामाच्या मिसळीला वाफ काढताना

मामाने गंगापूर रोडला मिसळीचं दुकान टाकलं आणि बोर्डावरच्या फोटोचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात लॅपटॉप असलेला मी एकटाच. फोटो चांगला आला होता हो, मटकी, शेव, पापड, दही, वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा, सगळं झकास, पण मामाचा एकच धोशा, "भाच्या, वाफ कुठाय? गिऱ्हाइकाला वाटेल शिळी आहे."

आता वाफ दिसायला मागे अंधार आणि बाजूने किंवा मागून उजेड लागतो, आणि मामाने मिसळ ठेवलेली पांढऱ्याशुभ्र टाइल्ससमोर. मग ठरलं, वाफेचा फोटो वेगळा काढायचा आणि वरून चिकटवायचा. पातेल्यात पाणी उकळलं, पंखा बंद केला, टेबललॅम्प मागून तिरका लावला आणि मागे आईची संक्रांतीची काळी साडी टांगली (आईला न विचारता, हे इथेच राहू द्या).

फोटोपी या फोटो एडिटरमध्ये वाफेचा लेयर मिसळीवर ठेवला आणि ब्लेंड मोड Screen केला. त्यात काळं ते गायब होतं आणि उजळ तेवढं उरतं. पण साडी काही ठार काळी नव्हती, त्यामुळे मिसळीवर एक चौकोनी धुरकट डाग दिसायला लागला. Levels मधला डावीकडचा काळा स्लायडर थोडा उजवीकडे ओढला तसा चौकोन गेला, जरीच्या बुट्ट्या मात्र हटेनात, कारण त्या वाफेइतक्याच उजळ! रश्श्यातून चांदण्या निघतायत. शेवटी माझाच काळा टीशर्ट उलटा करून टांगला आणि परत पाणी उकळलं.

एवढं करून वाफ दिसते का? नाही. मागे टाइल्स पांढऱ्या, आणि Screen पांढऱ्याला आणखी पांढरं कुठून करणार. मग वाटीमागची भिंत मऊ ब्रशने अंधारी केली तेव्हा कुठे वाफ उमटली. मास्क लावून ती फक्त रश्श्याच्या वाटीपुरती ठेवली, खालची कड पुसट केली आणि फोटोत उजेड डावीकडून होता म्हणून वाफेचा लेयर आडवा उलटा केला, नाहीतर वाफ उजवीकडून चमकते आणि वाटी डावीकडून, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते कळत नाही पण खटकतं. Opacity ४० वर आणली. एकदम खरी वाटायला लागली.

मामाने चष्मा लावून बघितलं. "एवढीशीच? शंभर कर."

केली. पापड दिसेना, पाव दिसेना, मिसळीला आग लागल्यासारखं झालं.

"हां, आता कसं! पण दह्यातून का निघत नाहीये?"

"मामा, दही गार असतं."

"बोर्डावर कोण हात लावून बघतंय?"

मी मुकाट्याने ४५ करून सेव्ह केलं आणि शंभरच आहे म्हणून सांगितलं. मामा खूश. लगेच मोबाइल काढून पुढचा फोटो दाखवला, थंडगार मठ्ठ्याचा.

"याला पण थोडी टाक."