वायरचा प्रश्न वेगळा, नॅटचा वेगळा

★ "100 एमबीपीएसचे पैसे घेतात, माडीवर 35 मिळतात. वायर टाकून घेतली तरी PS5 वर नॅट टाइप 3 च. मॅच लागत नाही, पार्टीत मित्रांचा आवाज येत नाही. चार दिवस फोन केल्यावर माणूस आला आणि वर स्टॅटिक आयपीचे जादा पैसे सांगतो. लाईनच बोगस."

नमस्कार सर,

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमची माणसं तुमच्याकडे उशिरा पोहोचली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण "लाईनच बोगस" हे वाचून वाईट वाटलं. जुळे सोलापुरात नवीन चौकशी करणारा माणूस आधी हेच वाचतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी स्पीड. आमचा मुलगा आला तेव्हा राउटर खाली टीव्हीच्या कपाटात, PS5 माडीवर आणि मध्ये स्लॅब होता. वायफायची हवा सगळ्यांत वाटली जाते. घरातले मोबाईल, शेजाऱ्यांचे राउटर, सगळे तीच वापरतात, आणि स्लॅबमधून सिग्नल कमजोर झाला की तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून 35. त्यानं कॅट 5ई वायर टाकल्यावर तुमच्यासमोरच 94 आले. 60 जीबीचा गेम 35 वर उतरायला पावणेचार तासांच्या वर लागतात, 94 वर दीड तासाच्या आत काम होतं. खेळताना मात्र इतका स्पीड लागतच नाही. तिथं डेटा थोडाच जातो, पण तो वेळेवर पोहोचावा लागतो. वायफायवर पिंग मध्येच उडी मारतो, वायरवर तो स्थिर राहतो. वायरचं काम एवढंच. तिनं नॅट टाइप बदलत नाही, आणि हे आमच्या मुलानं तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं.

नॅट म्हणजे राउटरनं घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकाच पत्त्यावर चालवणं. तुमच्या PS5 नं आधी बाहेर काही पाठवलं, तर त्याचं उत्तर कोणाला द्यायचं हे राउटरला कळतं. पण पार्टी चॅटमध्ये आणि काही गेममध्ये खेळाडूंची यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. तिथं मित्राच्या PS5 ला तुमचा बाहेरचा पोर्ट आधी माहीत असावा लागतो. राउटर प्रत्येक नव्या पत्त्यासाठी वेगळा पोर्ट देत असेल, तर मित्राकडे गेलेला नंबर चुकीचा ठरतो आणि जोडणी होत नाही. तोच टाइप 3. टाइप 2 वाल्यांचं आपसात जमतं. टाइप 3 ला साधारणपणे ज्यांचं नॅट पूर्ण मोकळं आहे त्यांच्याशीच जोडता येतं, आणि असे खेळाडू थोडे. म्हणून मॅच शोधायला वेळ लागतो. ज्या गेमचे सामने कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, तिथं याचा फारसा त्रास होत नाही. तुमच्याकडेही असे गेम नीट चालत होते, हे तुम्हीच सांगितलंत.

आता जे मनाला लागलं ते. लाईनसोबत आम्ही लावलेला डबाही राउटरचंच काम करतो आणि तुमच्याकडे त्याच्या पुढे तुमचा स्वतःचा राउटर आहे, म्हणजे घरातच नॅट दोनदा होतं. त्या राउटरच्या WAN चा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता 192.168.1 नं सुरू होत होता; असा पत्ता घरातल्या नेटवर्कचा असतो, हाच त्याचा पुरावा. आमच्या मुलानं तीच वायर तुमचा राउटर वगळून थेट आमच्या डब्यात लावली आणि Settings > Network > Connection Status > Test Internet Connection चालवलं. टाइप 2 आला. वायर परत तुमच्या राउटरमध्ये लावली, टाइप 3 आला. लाईन दोन्ही वेळी तीच होती. राउटर Access Point मोडवर टाकू का, म्हणजे तो नॅट न करता फक्त वायफाय देईल, असं त्यानं विचारलं. महागाचा आहे, हात लावू नका, असं तुम्ही म्हणालात. राउटर तुमचा, त्यामुळे त्यानं हात लावला नाही.

स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा कायमचा पत्ता, आम्ही गळ्यात मारत नाही. आशिया-पॅसिफिकला जुन्या पद्धतीचे पत्ते वाटणारा साठा 2011 मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला. त्यामुळे अनेक ग्राहक एका पत्त्यामागे ठेवावे लागतात. आमच्या डब्यावर 100.64 ते 100.127 मधला पत्ता दिसतो तो त्यामुळेच. वेगळा पत्ता आम्हालाही विकत पडतो. घरून सर्व्हर चालवायचा असेल तर तो घ्या, टाइप 2 साठी तुम्हाला त्याची गरज नाही. मुलानं दर सांगितला तो तुम्ही विचारलात म्हणून.

यात्रेच्या दिवसांत माणसं वाढवायचं बघतोय. तुम्ही राउटरचा मोड बदलायला हो म्हणालात की मी स्वतः येतो, त्याचे पैसे घेणार नाही. मोड बदलून टाइप 2 आला, तर रिव्ह्यूत तेवढं लिहावं ही विनंती.