स्वाभिमानी माणसाने रेझ्युमेला हात लावू नये

प्रत्येक जाहिरातीसाठी रेझ्युमे बदलत बसणं हे हलक्या लोकांचं काम आहे, हे एकदा मनाशी पक्कं करून टाका. तुम्ही सयाजीरावांच्या युनिव्हर्सिटीतून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी केलीत, चार वर्षं औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रासमोर उभं राहून पायांची वाट लावून घेतलीत. आता ही सगळी कर्तबगारी समोरच्याने हुडकून काढावी. त्याला पगार कशाचा मिळतो?

वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या एका वाड्यात राहणारा मंदार याच बाण्याचा. त्याच्या वाटेने जायचं असेल तर त्याची हकिगत नीट ऐकून ठेवा. त्यात त्याचा चुलतभाऊ केतनही येतो, पण त्याचं काही घेऊ नका.

दोघांनी एमएस्सी एकाच वर्षी केली. एक नंदेसरीच्या औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला लागला, दुसरा पादरा गावाकडच्या. दोघांनी आधी कच्च्या मालाच्या तपासण्या केल्या, मग तयार गोळ्यांच्या, आणि शेवटचं सव्वा वर्ष दोघंही स्टॅबिलिटीत, म्हणजे औषध किती काळ टिकतं ते तपासण्यात. आजीला विचारलंत तर तिला अजूनही कोण कुठल्या कंपनीत ते आठवत नाही, आणि तिचं फारसं चुकतही नाही, इतकी दोघांची कामं सारखी. दोघांनाही बदल हवा होता. अशात हालोलच्या बाजूच्या एका कंपनीची जाहिरात आली आणि काकांनी ती घरच्या ग्रुपवर टाकली: क्यूसी एक्झिक्युटिव्ह, स्टॅबिलिटी विभाग, एक जागा. अनुभव ३ ते ५ वर्षं. एचपीएलसी, एम्पॉवर सॉफ्टवेअर, ओओएस-ओओटीची, म्हणजे मर्यादेबाहेर किंवा नेहमीच्या चालीबाहेर गेलेल्या आकड्यांची चौकशी, रेग्युलेटेड मार्केटचं काम. मेथड व्हॅलिडेशन असल्यास प्राधान्य.

मंदारने जाहिरात वाचली ती शेवटच्या ओळीपासून, म्हणजे ईमेलच्या पत्त्यापासून. पाच मिनिटांत अर्ज गेलासुद्धा. फाईल तयारच होती ना! कॉलेजच्या प्लेसमेंटच्या वेळी बनवलेली, खाली फक्त एक नोकरी वाढवलेली. आदर्श म्हणून ती फाईल एकदा बघाच. सर्वांत वर करिअर ऑब्जेक्टिव्ह: एका प्रगतिशील संस्थेत आपल्या गुणांचा विकास साधणे. (संस्थेचं काय साधायचं, ते संस्थेने बघावं.) मग शिक्षण, दहावीच्या टक्क्यांपासून. मग नोकरी, एका ओळीत: क्यूसी विभागातील सर्व कामांची जबाबदारी. त्याखाली यंत्रांची नावं, एचपीएलसी, जीसी, यूव्ही, कार्ल फिशर, डिझोल्यूशन, आणि प्रत्येकापुढे चांदण्या. एचपीएलसीला पाचपैकी चार. पाचवी कुणाकडे आहे, हे गुलदस्त्यात. शेवटी वडिलांचं नाव, जन्मतारीख, अविवाहित, छंद: क्रिकेट पाहणे, आणि वरील माहिती खरी असल्याची शपथ. स्थळ: वडोदरा. एकूण कागद असा, की उंची आणि गोत्र घातलं की मुलीकडच्यांना पाठवायला मोकळे.

यात खोटं एक अक्षर नाही. पण सव्वा वर्षाचं स्टॅबिलिटीचं काम ‘सर्व कामां’च्या पोटात गडप झालं. त्याच्या कंपनीत अमेरिकेच्या औषध खात्याचे इन्स्पेक्टर येऊन गेले. सॉफ्टवेअरमधली ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी कुठलं इंजेक्शन कधी मध्येच थांबवलं, कुणी ग्राफ पुन्हा मोजला याची नोंद, ते पाहत बसले तेव्हा कॉम्प्युटरपुढे मंदारच होता. हे का नाही लिहिलंस, असं विचारलं तर म्हणतो, “त्यात काय लिहायचं? ते तर सगळ्यांकडेच येतात.” विनय असा असावा.

आता केतनचा हलकेपणा बघा. त्याने जाहिरातीचं प्रिंट काढलं, पेन्सिलने स्टॅबिलिटी, एम्पॉवर, ओओएस आणि रेग्युलेटेड या चार शब्दांखाली रेघा मारल्या आणि यातलं आपण खरोखर काय केलं आहे, हे आठवत बसला. सगळा रविवार त्यात गेला. काकू म्हणाल्या, “अरे, शेव-उसळ खायला जायचं होतं ना?” गेला नाही.

त्याने नवीन काही शोधून काढलं नाही, जे होतं तेच हलवलं. कच्च्या मालाचा भाग आधी अर्धं पान होता, तो दोन ओळींवर आणला. दहावी गेली, छंद गेले, शपथ गेली. स्टॅबिलिटी सगळ्यात वर आली, आणि तीही नुसतं नाव म्हणून नाही. २५ अंश-६० टक्के आर्द्रता आणि ४० अंश-७५ टक्के आर्द्रता या दोन्ही चेंबर्समधले नमुने वेळापत्रकाप्रमाणे काढणं, त्यांचा अॅसे, म्हणजे औषधाचं प्रमाण, आणि रिलेटेड सबस्टन्स, म्हणजे सोबतची अशुद्धी, एचपीएलसीवर मोजणं, महिन्यांनुसार आकड्यांचे तक्ते लावून कुठला आकडा चाल सोडतोय ते दाखवणं, असं कामाच्या भाषेत लिहिलं. एम्पॉवर हे नाव जाहिरातीत होतं तसंच घातलं. आधी त्याने ‘क्रोमॅटोग्राफी सॉफ्टवेअर’ लिहिलं होतं. रेग्युलेटेडसाठी इन्स्पेक्शनची एक ओळ घातली. आणि ओओएसची एक: प्रवेगक चाचणीच्या सहाव्या महिन्यात एका गोळीचा अॅसे मर्यादेबाहेर गेला, प्रयोगशाळेतली चौकशी केली, कारण सापडलं: सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून गोळी द्रावणात उतरवणं, अपुरं. गोळीचं नाव लिहिलं नाही, ती कंपनीची गुपितं.

मेथड व्हॅलिडेशनपाशी, म्हणजे तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करण्यापाशी मात्र तो अडला. ते त्याने केलेलं नव्हतं, मंदारनेही नव्हतं. एक पद्धत एका लॅबमधून दुसरीत नेण्याच्या कामात, म्हणजे मेथड ट्रान्सफरमध्ये, सीनियरच्या हाताखाली होता, तेवढंच लिहिलं. इथे तुम्ही त्याच्यापेक्षा पुढे जाऊ शकता. जाहिरात जशीच्या तशी उचलून आपल्या नावाखाली चिकटवा. न केलेल्या कामांची नावं पांढऱ्या अक्षरांत पांढऱ्या पानावर लपवा. मजकूर निवडताच ती निळ्या पट्टीत उघडी पडतात म्हणा, पण निवडतो कोण?

अर्ज पोचले ते एचआरच्या बेनकडे. बेन कॉमर्सच्या, त्यांना एचपीएलसी ओळखू येत नाही, आणि यावी अशी अपेक्षाही नाही. लॅबच्या मॅनेजरने त्यांना चिठ्ठीवर चार शब्द लिहून दिले होते. कुठले, ते केतनच्या पेन्सिलीला विचारा. बेननी पहिला शब्द शोधपट्टीत घातला. मंदारच्या फाईलमध्ये तो नव्हताच, त्यामुळे यादीत मंदारही नव्हता. लोक म्हणतात कॉम्प्युटर अर्ज फेकून देतो. इथे कॉम्प्युटरने काहीच फेकलं नाही, विचारलं तेवढंच शोधून दिलं. बेन बिचाऱ्या भल्या, त्यांनी राहिलेल्यांतले काही अर्ज हातानेही उघडले आणि मंदारचा त्यांत होता. वरचं अर्धं पान पाहिलं. गुणांचा विकास, दहावीचे टक्के. “अनुभव तो छे, पण स्टॅबिलिटी क्यां छे?” म्हणाल्या आणि पुढची फाईल उघडली.

केतनला बोलावणं आलं. त्याने इतका खटाटोप करूनही काय मिळालं, तर एक खुर्ची आणि समोर मॅनेजर. त्या मॅनेजरने एमएस्सी कुठून, विचारलंसुद्धा नाही. बोट थेट त्या ओओएसच्या ओळीवर ठेवलं: “सोनिकेशन कमी पडलं, हे कशावरून?” म्हणजे बघा, स्वतः लिहिलेली ओळ स्वतःच्याच गळ्यात. मंदारच्या रेझ्युमेवर असं बोट ठेवायला जागाच नाही, किती सुरक्षित!

केतनने सांगितलं. स्टँडर्डचे आकडे ठीक होते, त्याच फेरीतले दुसऱ्या बॅचचे नमुनेही ठीक, म्हणजे यंत्र आणि कॉलम यांवर संशय नाही. वजनाची नोंद तपासली, बरोबर निघाली. मग लॉगबुकात दिसलं की पद्धतीत वीस मिनिटं सांगितलेली, नमुना बारा मिनिटांत काढलेला. पण नुसत्या नोंदीवर भागत नाही. मूळ द्रावण अजून ठेवलेलं होतं. क्यूएची, म्हणजे गुणवत्तेची हमी देणाऱ्या विभागाची लेखी परवानगी घेऊन तेच द्रावण उरलेला वेळ सोनिकेटरमध्ये ठेवलं, आकडा वर आला. म्हणजे औषध गोळीत होतं, द्रावणात पूर्ण उतरलं नव्हतं. त्यानंतरच पहिला आकडा बाद झाला आणि नवा नमुना घेऊन तपासणी झाली.

“आणि कारण सापडलं नसतं तर?”

“तर आकडा तसाच उभा राहिला असता. पास होईपर्यंत पुन्हा-पुन्हा तपासता येत नाही.”

मॅनेजरने मान हलवली. व्हॅलिडेशन विचारलं, केतन नाही म्हणाला, ट्रान्सफरचं जेवढं केलं होतं तेवढं सांगितलं. पुढच्या महिन्यात ऑफर लेटर आलं.

खरी मौज इथून पुढे. मंदारच्या घरी आधी कुजबुज, मग उघड चर्चा. काकांचं मत असं, की केतनच्या सासरचं कुणीतरी त्या कंपनीत असणार. केतनचं लग्न व्हायचं आहे, ही किरकोळ बाब. आत्या म्हणाली, आपल्या मंदारला पुढे-पुढे करता येत नाही. मंदार स्वतः शांत होता. त्याने स्वतः दोन ओओएस हाताळले आहेत, त्यातला एक तर केतनच्या गोळीपेक्षा किचकट. एका रात्री गच्चीवर केतननेच तो किस्सा त्याच्याकडून ऐकून घेतला आणि म्हणाला, “दादा, हे लिही ना!” मंदार म्हणाला, “इंटरव्ह्यूला बोलावलं की सांगेन.”

तुम्हीही हेच उत्तर पाठ करा. यात एक छोटीशी अडचण आहे, ती तुमच्या लक्षात आली असेलच, पण तत्त्वापुढे अडचणींना कोण विचारतो?

गेल्या आठवड्यात मंदारने एका संध्याकाळी तीन अर्ज केले. एक क्यूए डॉक्युमेंटेशनचा, एक मायक्रोबायोलॉजीचा, एक लॅबची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत सेल्सचा. तिन्हींना फाईल तीच, चांदण्यांसकट. फरक करायचाच म्हणून मेलच्या मजकुरात त्याने या वेळी कंपनीचं नाव घातलं. तिन्ही मेलमध्ये पहिल्याच कंपनीचं.