गधा काका आणि सतरा जीबी रिकामी जागा

मावशीच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ रविवारी तिच्याच टीव्हीवर सगळ्यांनी बसून बघायचा असं ठरलं आणि कॉपी करून आणायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, कारण इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कॉम्प्युटर कळतो तो मलाच अशी एक अफवा आहे.

फाइल ५.७ जीबीची, पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा. त्यात आईची ११ जीबी भजनं आणि १७ जीबी रिकामे. ओढली, सोडली, लगेच पाटी आली:

The file 'mavshi_75.mp4' is too large for the destination file system.

मी वाचलं फक्त "too large". म्हणजे जागा नाही, असं समजून भजनं काढायला लागलो. आईला न विचारता अभंगांचं एक फोल्डर उडवलं, १८ जीबी रिकामे झाले, परत तीच पाटी. अजून एक उडवलं, १९ झाले, पाटी तीच. ५.७ जीबीला १९ पुरत नाहीत हे गणित शाळेत तरी शिकवलं नव्हतं. (भजनं लॅपटॉपवर पण होती म्हणून आज हे लिहायला जिवंत आहे.)

शेवटी जेल रोडला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानातला पोरगा पोह्यांवर जीरावन भुरभुरवत होता. ड्राइव्ह लावला, राइट क्लिक, Properties, आणि File system समोर लिहिलेलं FAT32 चमच्यानंच दाखवलं. "भिया, जगह का लफड़ा नहीं है। इसमें चार जीबी से बड़ी एक फाइल नहीं जाती।"

मग भजनं कशी गेली ११ जीबी? तर ती दीडेक हजार वेगवेगळी फाइलं आहेत ना, प्रत्येक पाच-दहा एमबीची. मर्यादा बेरजेवर नाही, एकेका फाइलीवर आहे. FAT32 म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत. ती प्रत्येक फाइलीची एक नोंद ठेवते, नाव, तारीख, साइज, आणि साइज लिहायला त्यात ३२ बिटांचाच रकाना आहे. त्यात जास्तीत जास्त आकडा मावतो ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. आजोबांच्या किराण्याच्या खात्यात रुपयांना चारच चौकोन असते तर दहा हजारांची उधारी लिहिणार कुठे, गोदाम रिकामं का असेना! ही व्यवस्था १९९६ची, तेव्हा घरच्या अख्ख्या हार्ड डिस्क एक-दोन जीबीच्या असायच्या, ४ जीबीची एक फाइल कोण कशाला करेल.

"एक्सफॅट में फॉर्मेट मार दूँ?" पोरगा म्हणाला. एक्सफॅट ही तशीच पण नंतरची पद्धत, तिला हा चार जीबीचा त्रास नाही. मी हो म्हणणार तेवढ्यात त्यानं विचारलं, लावायचा कुठे? मावशीच्या टीव्हीला, २०१३चा आहे. तो चावता चावता थांबला. जुने टीव्ही बरेचदा एक्सफॅट ओळखतच नाहीत, एनटीएफएस ही तिसरी पद्धत मात्र पुष्कळदा वाचतात, आणि तिलाही चार जीबीची अडचण नाही. शिवाय फॉर्मेट म्हणजे उरलेली भजनं पण साफ. त्यानं एक ओळ कागदावर लिहून दिली, वर पैसे घेतले नाहीत, म्हणाला घरी करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, पण आधी सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवा, मधेच लाइट गेली तर मला शिव्या नका देऊ.

```
convert E: /fs:ntfs
```

ही कमांड आतला माल न पुसता FAT32चं एनटीएफएस करते. उलटं मात्र करत नाही, परत FAT32 हवं तर फॉर्मेटच. घरी आलो, E हेच अक्षर आहे ना ते तीनदा बघितलं, एंटर मारलं. तर ती मलाच विचारते, ड्राइव्हचं आत्ताचं लेबल सांग! भलतीच ड्राइव्ह बदलली जाऊ नये म्हणून खात्री करून घेते म्हणे. मी E लिहिलं, चूक. PENDRIVE लिहिलं, चूक. मग This PC उघडून नीट बघितलं. दोन वर्षं तो ड्राइव्ह खिशात घेऊन फिरतोय आणि नाव कधी वाचलंच नव्हतं. पुतण्याचं काम होतं. बायको चहा घेऊन मागे उभी असताना मला टाइप करावं लागलं: GADHA KAKA.

लेबल बरोबर होतं. पाच मिनिटांत काम झालं, भजनं जागच्या जागी, ५.७ जीबीची फाइल निमूट आत गेली.

रविवारी मावशीकडे पंधरा माणसं, कचोऱ्या, चहा. ड्राइव्ह लावला, टीव्हीनं ओळखला, मी छाती फुगवून बाजूला झालो. लेबल बदलायचं राहून गेलं होतं हे तेव्हा लक्षात आलं, कारण बेचाळीस इंची पडद्यावर ते आलं होतं आणि मावशीचे यजमान, ज्यांना अख्खी खोली काकाच म्हणते, चष्मा पुसून परत वाचत होते.

"हे कोणाला रे?"