टॉवेल पाण्याला फिरायला नेतो

आमच्या बोअरचं पाणी खारं. त्यात धुतलेला टॉवेल मे महिन्याच्या उन्हात वाळला की पापडासारखा उभा राहतो. अंग पुसलं की साल निघाल्यासारखं वाटतं. म्हणून तालुक्याच्या दुकानातून मी कपडे मऊ करणाऱ्या फॅब्रिक सॉफ्टनरची ती निळी बाटली आणली. एका बादलीला एक झाकण, असं तिच्यावर लिहिलं होतं. मी तीन झाकणं ओतली. वऱ्हाडी माणूस हात आखडत नाही.

टॉवेल सशासारखा मऊ झाला. तीन-चार धुण्यांनंतर मात्र बाबा न्हाणीतून ओलेच बाहेर आले.

"काहून बे, हा टॉवेल पाणी पुसत नाई, पाण्याले फिरायले नेते!"

मी टॉवेल पसरून त्यावर एक थेंब टाकला. धोप्याच्या पानावर बसावा तसा तो गोल बसून राहिला. बाबांच्या जुन्या दुपट्ट्यावर टाकला, तर टेकायच्या आधीच गडप.

त्या बाटलीतला मऊपणा म्हणजे धाग्यावर चढलेला चरबीजन्य रसायनाचा थर. ओल्या सुताचा विद्युतभार ऋण, या रसायनाचा धन, त्यामुळे ते चिकटतं ते सहज सुटत नाही. हात फिरवला की गुळगुळीत लागतं, पण पाणी पिणारे सुताचे फासे तेलकट होऊन बसतात.

खरा तमाशा पोराच्या जर्सीचा झाला. तो पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळतो. त्याच्या जर्सीचा पॉलिएस्टर धागा मुळात घाम पीत नाही. धाग्यांमधल्या बारीक फटींतून घाम बाहेरच्या अंगाला पसरतो आणि तिथे उडून जातो. मी त्या फटींच्या वाटेवरच लोणी लावून ठेवलं होतं. घाम आतच, जर्सी पाठीला चिकटलेली, आणि त्या थरात अडकलेला वास धुऊनही जाईना. सुगंधी बाटली आणि घाम मिळून जो वास तयार झाला, त्याला मराठीत शब्द नाही.

मग उलटी गंगा सुरू केली. टॉवेल कढत पाण्यात, निम्म्या पावडरीत, तीनदा धुतले. जर्सी उलटी करून, अर्धी बादली कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवली, मग धुतली. (व्हिनेगरसोबत ब्लीच टाकू नका, विषारी वायू होतो.) तिसऱ्या धुण्यानंतर टॉवेलवरचा थेंब आत गेला. जर्सीचा वास बराच गेला, सगळा नाही.

टॉवेल आता वाळत घालायच्या आधी जोरात झटकतो, कडकडीत होण्याआधी काढतो आणि हातानं चुरगळतो. थोडा खरखरीत लागतो, पण पुसतो.

बाटली फेकली नाही, पैसे दिलेत. हिवाळ्यात बायकोच्या सिंथेटिक साड्या अंगाला चिकटून चटचट करतात, तिथे ती खरंच कामाची आहे. एकच झाकण. बायकोनं ते मोजायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय.

बाबांपुढे मी नवा टॉवेल धरला, तर ते म्हणाले, "राहू दे, मी आपल्या दुपट्ट्यावरच बरा आहो."